स्नेहसंमेलनात फोन हातात घेताना

 

डिसेंबर आला की शाळेत स्नेहसंमेलनाची गडबड सुरू होते. नाच बसवायचे, भाड्याचे पोशाख आणायचे, मंडपवाल्याला आगाऊ रक्कम द्यायची, पाहुणे ठरवायचे. एरवी आमच्या शाळेत विद्यार्थ्यांना फोन आणायला परवानगी नाही. पण संमेलनाच्या संध्याकाळी आई, बाबा, दादा, काका सगळे येतात आणि त्यांचे फोन आपोआप तुमच्या हातात येतात. आई म्हणते, “मला नीट दिसत नाही, तू पुढे जाऊन काढ.” तुम्ही पुढे जाता आणि काढता. म्हणून त्या एका संध्याकाळच्या कॅमेऱ्याबद्दल आम्ही शिक्षिका आज तुमच्याशी बोलणार आहोत. फोटो काढू नका, असं सांगायला आम्ही आलेलो नाही. तुमचे नाच, तुमची नाटकं यांचे फोटो आम्हालाही हवे असतात. कोणता काढायचा, कोणता नाही आणि काढल्यावर त्याचं काय होतं, एवढंच बोलायचं आहे.

आधी एक घडलेली गोष्ट सांगतो. आठवीतल्या मुलींचा कोळीनृत्याचा कार्यक्रम होता. महिनाभर सराव केला होता. दुसऱ्या कडव्यात गिरकी घेताना एका मुलीच्या खांद्यावरची पिन निघाली आणि पदर घसरला. तिने एका हाताने तो धरला, दुसऱ्या हाताने टोपली सांभाळली आणि नाच पूर्ण केला. कोणी हसलं, बऱ्याच जणांच्या लक्षातही आलं नाही. नाच संपला तेव्हा टाळ्या पडल्या. आत गेल्यावर तिच्या मैत्रिणींनी पिन लावून दिली. मंडपापुरती गोष्ट तिथेच संपली होती.

पण पुढच्या रांगेत एका मुलाच्या हातात त्याच्या आईचा फोन होता आणि चित्रण चालू होतं. रात्री घरी गेल्यावर त्याने त्या चित्रणातले नेमके नऊ सेकंद कापून काढले, त्याला हसरी चित्रं लावली आणि वर्गाच्या ग्रुपवर टाकले. नंतर आम्ही त्याच्याशी बोललो तेव्हा तो म्हणाला, “बाई, मी फक्त आपल्या वर्गाच्या ग्रुपवर टाकलं. बाहेर कुठेच नाही.” तो खोटं बोलत नव्हता. त्याने खरंच एकाच ठिकाणी टाकलं होतं.

आता हिशोब बघा. वर्गाच्या ग्रुपवर साठ नंबर आहेत. पण आठवीतल्या मुलांकडे स्वतःचे फोन थोडे असतात. बहुतेक नंबर आईचे किंवा बाबांचे. म्हणजे साठ मुलांनी नाही, साठ घरांनी ते पाहिलं. व्हॉट्सॲपवर एक संदेश एका वेळी पाच ठिकाणी पुढे पाठवता येतो. साठांपैकी फक्त तिघांनी तो पुढे ढकलला. एकाने मामेभावंडांच्या ग्रुपवर, एकाने क्रिकेटच्या ग्रुपवर, एकाने शेजारच्या गावातल्या मित्राला. सकाळी दूध घालायला गेलेल्या तिच्या बाबांना डेअरीवर कोणीतरी फोन पुढे करून विचारलं, “ही तुमचीच ना?” रात्री पावणेनऊला टाकलेली गोष्ट सकाळी सातला तिच्या घरात पोहोचली होती.

ती मुलगी सहा दिवस शाळेत आली नाही. आम्ही घरी गेलो तेव्हा आधी बोलेचना. मग म्हणाली, “बाई, स्टेजवर झालं त्याचं मला काही वाटलं नाही. ते एकदाच झालं. पण आता ते लोक पुन्हा पुन्हा लावून बघतात.”

मुलांनो, या विषयातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच आहे आणि ते आठवीतल्या मुलीने सांगितलं आहे. मंडपात जे घडतं ते एकदा घडतं. पुढचा नाच सुरू झाला की लोक विसरतात. माणसाचा तोल जाणं, कपडा सरकणं, संवाद विसरणं, रडू येणं, हे स्टेजवर कोणाचंही होऊ शकतं आणि ते विसरलं जातं, म्हणूनच आपण पुन्हा स्टेजवर जायला धजतो. कॅमेरा ते विसरू देत नाही. नाच साडेचार मिनिटांचा होता. त्यातले नऊ सेकंद वेगळे काढले की महिनाभराची मेहनत जाते आणि मागे एक घसरलेला पदर उरतो.

म्हणून पहिली गोष्ट अशी, की काही जागा आणि काही क्षण कॅमेऱ्याचे नाहीतच. आमच्या शाळेत त्या जागा आम्ही ठरवून टाकल्या आहेत. कपडे बदलण्याचा वर्ग आणि त्याच्या दारासमोरचा व्हरांडा, स्वच्छतागृहाकडे जाणारी वाट आणि स्टेजच्या पायऱ्या. पहिल्या दोन जागांचं कारण सांगायला नको. पायऱ्यांचं सांगतो. स्टेज चार फूट उंच असतं. पायऱ्यांपाशी किंवा स्टेजला चिकटून उभं राहून वर कॅमेरा धरला, की घागरा किंवा फ्रॉक घातलेल्या मुलीचा फोटो खालून येतो. काढणाऱ्याच्या मनात काही नसलं तरी तसाच येतो. यावर उपाय सोपा आहे. कॅमेरा नाचणाऱ्याच्या कमरेच्या उंचीवर किंवा त्याहून वर असला पाहिजे. त्यासाठी स्टेजपासून पंधरा-वीस फूट मागे, बाजूच्या बाकावर किंवा खुर्चीवर उभं राहायचं. तिथून सगळी रांग एका चौकटीत मावते, चेहरे दिसतात आणि मागच्या आज्यांच्या डोळ्यांसमोर तुमचा फोन येत नाही.

फ्लॅशही बंद ठेवा. फोनचा फ्लॅश जेमतेम आठ-दहा फुटांवर उजेड पाडतो. दहाव्या रांगेतून तो लावला तर पुढच्या माणसांची डोकी उजळतात, स्टेज काळंच राहतं. आणि जवळून लावला तर मनोऱ्यावर तिसऱ्या थरात चढणाऱ्या मुलाच्या डोळ्यांपुढे क्षणभर अंधारी येते. त्या क्षणात तो कुठे पाय ठेवणार?

आता क्षण. पोशाख विस्कटला, कोणी पडलं, कोणाला भोवळ आली, कोणी रडतंय, कोणाला बाईंनी किंवा घरच्यांनी रागावलं, अशा वेळी चित्रण थांबवायचं आणि फोन खाली घ्यायचा. चित्रण आधीपासून चालू असेल तर तो तुकडा घरी गेल्यावर काढून टाकायचा. नाच छान झाला असेल तर बाकीचा ठेवा, त्या मुलीलाच दाखवा. तिला आवडेल.

आणखी एक क्षण आहे, जो कोणाला खटकत नाही म्हणून मुद्दाम सांगतो. संमेलनात देणगीदार येतात आणि काही मुलांना गणवेश, वह्या, सायकली देतात. आपण फोटो काढतो आणि खाली लिहितो, ‘गरजू विद्यार्थ्यांना वाटप’. देणारा बदलतो, पण घेणारा मुलगा पुढची पाच वर्षं याच गावात राहणार असतो. त्याच्या वर्गातली मुलं तो फोटो बघणार असतात. म्हणून आमच्याकडे सायकलींचा फोटो निघतो, देणाऱ्या पाहुण्यांचा निघतो, पण घेणाऱ्या मुलाचा चेहरा पाठमोरा ठेवतो. तुम्ही फोटो काढणार असाल तर तुम्हीही तेच करा.

दुसरी गोष्ट. फोटोत तुम्हाला जे दिसतं, त्याहून जास्त त्यात असतं. समजा, संमेलनाच्या आधी दोन मैत्रिणींनी शाळेच्या फाटकाशी उभं राहून फोटो काढला. तुम्हाला दिसतात दोन हसरे चेहरे. अनोळखी माणसाला काय दिसतं? मागे पाटीवर शाळेचं नाव आणि गाव. खिशावर शाळेचा बिल्ला. गळ्यात ओळखपत्र, त्यावर नाव, इयत्ता, कधी कधी वडिलांचा नंबर. बाजूला उभ्या रिक्षावर मार्ग लिहिलेला. एवढ्यावरून कोणालाही कळतं की या नावाची मुलगी रोज सकाळी कुठे येते आणि कशाने येते.

“कोण कशाला शोधेल, बाई?” असं तुम्ही म्हणाल. शोधणारे असतात. काही आया मुलांना घेऊन घर सोडतात, कारण घरात मारहाण होत असते. त्या दुसऱ्या तालुक्यात माहेरी किंवा बहिणीकडे राहतात, मुलाला तिथल्या शाळेत घालतात आणि आपण कुठे आहोत हे नवऱ्याला कळू नये म्हणून जपून राहतात. काही घरांत मुलाचा ताबा कोणाकडे, याचा दावा कोर्टात चालू असतो. अशा मुलाचा चेहरा आणि शाळेची पाटी एका फोटोत आली आणि तो फोटो फिरत फिरत पोहोचला, तर त्या आईने जपलेलं सगळं एका क्षणात उघडं पडतं. म्हणून वर्षाच्या सुरुवातीला आम्ही पालकांना एक पत्र देतो आणि विचारतो, तुमच्या पाल्याचा फोटो शाळेबाहेर गेलेला चालेल का. काही पालक ‘नको’ असं लिहून देतात. का नको, हे आम्ही विचारत नाही. तुम्हीही मैत्रिणीला विचारू नका. ‘नको’ एवढं पुरे आहे.

मग वर्गाचा सामूहिक फोटो काढायचा कसा? त्या मुलांना बाजूला उभं करायचं का? नाही. आम्ही फोटो दोनदा काढतो. पहिल्यात सगळे. तो छापून वर्गातल्या प्रत्येकाला कागदावर मिळतो, फोनवर जात नाही. दुसऱ्याच्या वेळी बाई दोन-चार मुलांना काहीतरी काम सांगून बोलावून घेतात, कोणाला हार आणायला, कोणाला खुर्च्या लावायला. तो दुसरा फोटो शाळेच्या पानावर जातो. बोलावलेल्यांत नकोवाली मुलंही असतात आणि इतरही, त्यामुळे कोणाचं काय हे कोणाला कळत नाही.

तुमच्या स्वतःच्या फोटोंसाठी तीन साध्या सवयी. ओळखपत्र शर्टाच्या आत घाला किंवा काढून ठेवा. पाटीसमोर उभं राहण्यापेक्षा झाडासमोर किंवा रांगोळीपाशी उभं राहा. आणि कॅमेऱ्याची जागा नोंदवण्याची सोय बंद करा. बऱ्याच फोनमध्ये कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये Location tags किंवा Save location असं लिहिलेलं असतं. ते चालू असेल तर प्रत्येक फोटोच्या पोटात तो कुठे काढला हे लपून बसतं. ते आहे की नाही, हे ओळखायची खूण अशी: गॅलरीत फोटो उघडून त्याचे तपशील बघा. तारखेखाली नकाशा किंवा गावाचं नाव दिसलं, तर जागा नोंदली गेली आहे. व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीसारखा पाठवला, तर ही नोंद गळून जाते. पण “फोटो स्पष्ट जाऊ दे” म्हणून तोच फोटो Document म्हणून पाठवला, की मूळ फोटो जसाच्या तसा जातो आणि सोबत जागाही जाते. घरी काढलेल्या फोटोत तर ती जागा म्हणजे तुमचं घरच.

एखाद्याचा चेहरा झाकून फोटो पाठवायचा असेल, तर फोनमधल्या रंगीत पेनाने त्यावर रेघोट्या ओढू नका. त्यातले काही रंग अर्धपारदर्शक असतात. उजेड वाढवला की खालचा चेहरा पुन्हा दिसू लागतो. त्यापेक्षा पूर्ण भरीव चित्र चेहऱ्यावर ठेवा, मग स्क्रीनशॉट घ्या आणि तो पाठवा. किंवा सरळ चौकट कापून घ्या आणि कापलेल्याचाच स्क्रीनशॉट पाठवा.

आता तिसरी गोष्ट, पाठवण्याची. तुम्हाला वाटतं, “चुकून गेलं तर काढून टाकू.” किती काढता येतं ते बघू. व्हॉट्सॲपवर Delete for everyone असं बटण आहे. ते साधारण दोन दिवसांपर्यंत चालतं. त्यानंतर तुम्ही फक्त तुमच्या फोनमधून काढू शकता, समोरच्याच्या नाही. त्या दोन दिवसांतही ते फक्त तुम्ही ज्या ठिकाणी पाठवलं, त्याच ठिकाणचं निघतं. कोणी पुढे पाठवलं असेल तर पुढचं तसंच राहतं. कोणी स्क्रीनशॉट घेतला असेल तर तो राहतो. आयफोनच्या फोटोंमध्ये आपोआप साठवलं गेलं असेल तर तेही राहू शकतं. आणि एकदाच बघता येईल असा फोटो पाठवला, तरी समोरचा माणूस दुसऱ्या फोनने त्या पडद्याचा फोटो काढू शकतो. त्याला कुठलंच बटण अडवू शकत नाही.

आधीच्या गोष्टीत आम्ही नेमकं हेच करून पाहिलं. कळल्याबरोबर त्या मुलाने ग्रुपवरून ते काढलं. ग्रुपच्या ॲडमिनला कोणाचाही संदेश सगळ्यांसाठी काढता येतो, म्हणून उत्तरं म्हणून आलेली हसरी चित्रंही ॲडमिनने काढली. मग साठ घरांना एकेक फोन केला. ज्या तिघांनी पुढे पाठवलं होतं त्यांनी स्वतः पुढच्या ग्रुपवर जाऊन काढलं आणि तिथल्या मोठ्या माणसाला सांगितलं. मामेभावंडांच्या ग्रुपवरून निघालं. क्रिकेटच्या ग्रुपवरून निघालं, पण तिथून आणखी दोघांनी घेतलं होतं. त्यातला एक सापडला. दुसरा सापडला नाही. टाकायला एक क्षण लागला होता, काढायला आम्हाला चार दिवस लागले आणि एक प्रत अजूनही कुठेतरी आहे.

म्हणून संमेलनाचा कोणताही फोटो पाठवण्याआधी एकच प्रश्न पुरेसा आहे: ज्याचा फोटो आहे, त्याला तो दाखवला का? फोन त्याच्या हातात द्या आणि विचारा, “हा पाठवू का?” तो “हो” म्हणाला तर पाठवा. गप्प राहिला, “बघ तुला काय वाटतं ते” म्हणाला किंवा चेहरा पाडून हसला, तर तो होकार नाही. आणि “ग्रुपवर पाठवू” याला हो म्हणणं म्हणजे स्टेटसला लावायला किंवा इन्स्टाग्रामवर टाकायला हो म्हणणं नाही. प्रत्येक जागेचं वेगळं विचारायचं. उद्या तिचं मन बदललं आणि ती म्हणाली “काढ”, तर कारण न विचारता काढायचं. बालवाडीतल्या लहान मुलांचं मात्र त्यांना विचारून भागत नाही, तिथे त्यांच्या आईला विचारायचं.

इथे आयांसाठीही एक शब्द. ताई, तुमच्या फोनमधला भिशीचा ग्रुप, नणंदा-जावांचा ग्रुप हीसुद्धा बाहेरची जागाच आहे. तुमच्या लेकीचा नाच तुम्ही कौतुकाने टाकता, पण चौकटीत बाकीच्या सात मुलीही असतात. त्यांच्या आयांनी ‘नको’ लिहून दिलं असेल, हे तुम्हाला ठाऊक नसतं. लेकीचा एकटीचा फोटो टाका, सगळ्यांचा घरात ठेवा.

शेवटची गोष्ट, नको ते आधीच होऊन गेलं असेल तर काय करायचं. समजा, तुमच्या फोनवर वर्गातल्या कोणाचा लाज वाटेल असा फोटो आला. पुढे पाठवायचा नाही, हे तुम्हाला कळतं. पण बरीच चांगली मुलंही इथे एक भलतंच करून बसतात. “बाई, बघा हे काय फिरतंय,” म्हणून पुरावा म्हणून तोच फोटो बाईंना पाठवतात, मैत्रिणीला सावध करायला तिलाही पाठवतात. असं करू नका. अंगावर कपडे नसलेला किंवा अंतर्वस्त्रं दिसणारा फोटो असेल, तर तो पाठवणं हाच गुन्हा होऊ शकतो, हेतू काहीही असो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66E प्रमाणे कोणाच्याही शरीराच्या खासगी भागाचा असा फोटो त्याच्या संमतीशिवाय काढणं किंवा पाठवणं यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड आहे. अठरा वर्षांखालच्या मुलामुलींचं अश्लील चित्रण असेल तर त्याच कायद्याचं कलम 67B आणि 2012 चा पॉक्सो कायदा लागतो आणि ते याहून कडक आहेत. करणारा स्वतः अठरा वर्षांखालचा असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं, पण जातं.

मग करायचं काय? फोटो पुढे पाठवू नका आणि लगेच पुसूनही टाकू नका. कोणत्या ग्रुपवर आला, कोणत्या नंबरवरून आला आणि किती वाजता, एवढं कागदावर लिहा. फोन घेऊन थेट बाईंकडे किंवा घरातल्या मोठ्या माणसाकडे जा आणि त्यांना हातात दाखवा. पुढे काय ठेवायचं, काय पुसायचं, हे ते पोलिसांना विचारून ठरवतील. ज्या घरात बोलता येत नाही, तिथल्या मुलांसाठी 1098 हा मुलांच्या मदतीचा नंबर आहे. तो मोफत आहे आणि रात्रीही लागतो. मोठ्या माणसांना cybercrime.gov.in या संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते. महिला आणि मुलांसंबंधीच्या तक्रारींसाठी तिथे वेगळा भाग आहे आणि नाव न देताही तक्रार करता येते.

ज्याचा फोटो फिरतोय ती तुम्हीच असाल, तर एवढंच ध्यानात ठेवा. पिन निघाली हा तुझा गुन्हा नाही. कोणी “पैसे दे, नाहीतर टाकतो” किंवा “आणखी एक पाठव, मग पुसतो” म्हणालं, तर काहीही द्यायचं नाही. एकदा दिलं की मागणं थांबत नाही, वाढतं. संदेश जपून ठेवायचे आणि त्याच दिवशी सांगायचं. जितक्या लवकर सांगाल, तितक्या कमी ठिकाणी ते पोहोचलेलं असेल. आमच्या गोष्टीत सकाळी सातला कळलं म्हणून एकच प्रत सुटली. आठवड्याने कळलं असतं तर मोजताच आली नसती.

आता यंदाच्या संमेलनाची व्यवस्था सांगतो, म्हणजे कोणाचा गोंधळ होणार नाही. फोटो काढायला नववीतली चार मुलं-मुली असतील. त्यांच्या दंडावर पिवळी फीत असेल. दोघं समोर बाकांवर, दोघं बाजूंना. मुलींच्या कार्यक्रमांना बाजूला मुलीच उभ्या राहतील. त्यांचे सगळे फोटो त्याच रात्री शाळेच्या संगणकावर घेतले जातील आणि फोनमधून पुसले जातील. पुसल्यावर गॅलरीतल्या कचरापेटीत ते महिनाभर पडून राहतात, म्हणून ती पेटीही आमच्यासमोर रिकामी करायची. दोन दिवसांनी त्यातले निवडक फोटो वर्गात पडद्यावर दाखवू. ज्याला स्वतःचा एखादा नको असेल त्याने मधल्या सुट्टीत एकटं येऊन सांगायचं, तो गाळला जाईल. बाकीचे छापून मिळतील.

पालकांना आपल्या मुलाचे फोटो स्वतःच्या जागेवर बसून काढता येतील. कपडे बदलण्याच्या वर्गाच्या दाराशी एक टोपली ठेवलेली असेल. आत जाणाऱ्या प्रत्येकाचा फोन त्या टोपलीत राहील, मुलींचा, मदतीला आलेल्या आयांचा आणि आमचाही.

ती आठवीतली मुलगी आता नववीत आहे. यंदा कोळीनृत्यात नाही, पण पिवळी फीत बांधणाऱ्या चौघांत ती आहे. तिने स्वतः नाव दिलं. सरावाच्या वेळी तिने एकच गोष्ट सुचवली आणि आम्ही ती मान्य केली आहे: प्रत्येक पदराला एक नाही, दोन पिना.